एक भारपत्रक आणि आमची जुनी वही

पाव शतकाहून अधिक काळ उत्तरपत्रिका तपासण्यात घालविल्यामुळे आम्हांस तांबड्या शाईची एक खोड जडली आहे. समोर आलेल्या कागदावर चूक दिसली की हात आपोआप लेखणीकडे जातो, आणि ती चूक कोणाची, ती कोठून आली, हा विचार मागाहून, पुष्कळदा मुळीच येत नाही. गेल्या हिवाळ्यात एका कागदाने आमची ही खोड चांगलीच जिरविली. त्याची हकीगत वाचकांपुढे ठेवावी असे मनात आहे. ती सांगताना थोडासा विजेचा हिशेब मांडावा लागेल, परंतु तो घरातल्या गीझरापलीकडचा नाही, तेव्हा वाचकांनी बिचकू नये.

पुण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची जुनी इमारत पाडून तेथे बारा मजल्यांची, ४८ बिऱ्हाडांची नवी इमारत उभी राहावयाची होती. संस्थेचे चिटणीस आमचे सकाळच्या फिरण्यातले सोबती. विकासकाच्या सल्लागाराने विजेचे जे 'लोड शेड्यूल' तयार केले होते ते त्यांनी एके दिवशी आमच्या हाती दिले व म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, आम्हांला यातले ओ की ठो कळत नाही. तुम्ही त्रयस्थ म्हणून एकदा नजर घाला आणि काय वाटेल ते लेखी द्या. तुमचा अभिप्राय आल्याशिवाय समिती सही करणार नाही." आम्ही शिकवितो तो विषयच हा. तेव्हा नाही म्हणण्याचे कारण नव्हते.

लोड शेड्यूल, ज्यास आम्ही येथे भारपत्रक म्हणू, म्हणजे इमारतीच्या विजेच्या भुकेचा जमाखर्च होय. प्रत्येक घरात दिवे किती, पंखे किती, गीझर, वातानुकूल यंत्रे, धुलाईयंत्र, स्वयंपाकघरातील उपकरणे किती, त्यांची बेरीज किती किलोवॉट. लिफ्टी किती, पंप किती. हे सारे ओळीने मांडायचे आणि अखेरीस इमारतीला केवढे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लागेल ते ठरवायचे. आता ही बेरीज जशीच्या तशी घेऊन कोणी रोहित्र बसवीत नाही. आमच्या या इमारतीत दर घरास १५ किलोवॉटची उपकरणे धरली होती. ४८ घरांची मिळून ती ७२० होतात. एवढे मोठे रोहित्र बसविले तर त्याची किंमत वाया जाईलच, शिवाय कोणी एक दिवाही न लावता त्याचा लोखंडी गाभा रात्रंदिवस थोडी थोडी वीज खात राहील आणि तो खर्च वर्षानुवर्षे चालेल. लग्नाला पाचशे पाने व्हावयाची असली तरी यजमान पाचशे पाट मांडीत नाही, कारण पंगती एकामागून एक उठतात हे त्याला ठाऊक असते. सारी माणसे एकाच घटकेला जेवावयास बसत नाहीत, तद्वत सारी उपकरणे एकाच घटकेला चालत नाहीत. ही जी सवलत, तिलाच आमच्या शास्त्रात डायव्हर्सिटी म्हणतात, आणि तिचा आकडा तो डायव्हर्सिटी फॅक्टर. सारे भारपत्रक या एका आकड्यावर तोललेले असते.

आता प्रस्तुत भारपत्रकात काय होते ते पाहा. घरातल्या १५ किलोवॉटपैकी एका वेळी फार तर ४० टक्के चालतील असे धरून दर घराची कमाल मागणी ६ किलोवॉट ठरविली होती. येथवर आमची तक्रार नाही. ४८ घरांचे २८८ झाले. त्यास पुढच्या रकान्यात ०.४१ या गुणकाने गुणले होते, तेव्हा ११८ उरले. त्यापुढे मुख्य पॅनेलच्या ओळीत पुन्हा ०.६ हा गुणक लावला होता, तेव्हा उरले ७१. सामाईक भाराची बेरीज ४० किलोवॉट होती: दोन लिफ्टींचे २०, पाण्याच्या पंपाचे साडेसात, गच्चीवरील अग्निशमन पंपाचे साडेसात आणि जिन्याच्या व वाहनतळाच्या दिव्यांचे ५. त्यासही तोच ०.४१ लावून सोळा करण्यात आले होते. एकूण ८७ किलोवॉट, म्हणजे रोहित्राच्या मापात सुमारे ९७ केव्हीए. सबब १०० केव्हीएचे रोहित्र पुरे, असा निकाल पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत दिला होता.

असला हिशेब बरोबर की चूक हे ओळखण्याची एक साधी रीत आहे, आणि ती वाचकांस केव्हाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पत्रक वरून खाली वाचू नये, खालून वर वाचावे. तळाचा आकडा घ्यावा आणि घरांच्या संख्येने भागावा. घरांच्या वाट्याचे ७१ किलोवॉट भागिले ४८, म्हणजे दर घरास दीड किलोवॉटही पुरते येत नाही. बाथरूममधला साधा १५ लिटरचा गीझर दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे या पत्रकाप्रमाणे त्या इमारतीत सकाळी ३५ घरांनी गीझर लावले की वीज संपली. उरलेल्या तेरा घरांनी गार पाण्याने स्नान करावे, आणि ३५ घरांनीही त्या वेळी दिवा लावू नये, मिक्सर फिरवू नये, इस्त्री करू नये! अग्निशमन पंपाची गोष्ट त्याहून विनोदी. त्याची केबलसुद्धा घटविलेल्या भारावरून निवडली होती. आग लागली असता पंपाने ४१ टक्केच जोर करावा, असा त्याचा अर्थ होतो. आग क्वचित लागते हे खरे, पण लागते तेव्हा पंप पुरता चालावा लागतो. क्वचित चालणारे यंत्र आणि अर्धवट चालणारे यंत्र या दोन गोष्टी एक नव्हेत.

तिसरा दोष कागदावर नव्हताच, म्हणून तो दिसावयास वेळ लागला. पुढच्या गरजेसाठी राखलेले असे काही त्या पत्रकात कोठेच नव्हते. शंभराच्या रोहित्रावर ९७चा भार. घराघरांतील बोर्डांत बारा जागा आणि बाराही भरलेल्या. मुख्य पॅनेलमध्ये मोकळी एकही वाट नाही. आणि वाहनतळात विजेच्या गाड्यांसाठी एक ओळदेखील नाही.

आम्ही तांबडी लेखणी उचलली आणि त्याच रात्री अभिप्राय लिहून काढला. तो आज वाचावयाची लाज वाटते. 'गुणकांचा अर्थ न समजता वापर केला आहे', 'प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही न शोभणारी चूक', असली वाक्ये त्यात होती. सही करण्यापूर्वी सहज पत्रकाच्या कोपऱ्यातील नाव पाहिले, तो ते आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीचे निघाले. मुलगी हुशार, मेहनती आणि अक्षराइतकीच हिशेबाला स्वच्छ. हिच्या हातून दोनदा गुणण्याची चूक कशी झाली, हे आम्हांस उमगेना. अभिप्राय तसाच ठेवून आम्ही तिला भेटावयास बोलाविले.

ती आली ती थोडी घाबरलेलीच होती. तिच्या कार्यालयातील हे तिचे पहिले स्वतंत्र काम होते आणि आमचा अभिप्राय तिच्या वरिष्ठांकडे जाणार हे तिला ठाऊक होते. आम्ही विचारले, "अगं, हे ०.४१ आणि ०.६ तू कोठून घेतलेस?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग पिशवीतून एक वही काढून तिने आमच्यापुढे उघडली आणि हळूच म्हणाली, "सर, आपल्याच तासाला उतरवून घेतलं होतं. तिसऱ्या वर्षाला."

वहीत दोन तक्ते शेजारी शेजारी लिहिले होते, मथळा एकच: 'डायव्हर्सिटी फॅक्टर'. अक्षर तिचे, पण मजकूर आमचा. फळ्यावर आम्हीच लिहून दिलेला. त्यांतला पहिला तक्ता फ्रान्समधील निवासी इमारतींचा. घरे जसजशी वाढतात तसतसा गुणक उतरत जातो, आणि ४० ते ४९ घरांस तो ०.४१ होतो. दुसरा तक्ता पॅनेलचा. आज आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या ६१४३९ क्रमांकाच्या मानकात तो आढळतो. पॅनेलमधून निघणाऱ्या वाटा दोन-तीन असल्यास ०.९, चार-पाच असल्यास ०.८, सहा ते नऊ असल्यास ०.७, आणि दहा वा अधिक असल्यास ०.६. मुलीने काय केले? वर घरांचा तक्ता लावला, पुढे पॅनेलच्या वाटा मोजल्या, त्या बारा निघाल्या, म्हणून तेथे ०.६ लावला. आमच्या वहीप्रमाणे तिचे एक पाऊलही चुकले नव्हते.

चूक होती ती वहीत. पॅनेलचा तक्ता हा इमारतीची भूक सांगणारा नव्हेच. त्या लोखंडी पेटीत दहा वाटा एकत्र बसविल्या तर त्या सगळ्या पूर्ण भाराने एकदम तापतील की नाही, आणि पेटीने किती उष्णता सोसावी, हे ठरविण्यासाठी तो पॅनेल बांधणाऱ्याच्या उपयोगाचा. घरांच्या तक्त्याने एकदा जी सवलत घेऊन झाली तीच दुसऱ्या नावाने पुन्हा घेणे म्हणजे एकाच पावतीवर दोनदा पैसे वसूल करणे होय. त्यात नावाचाही घोटाळा. व्याख्येप्रमाणे पाहू गेल्यास निरनिराळ्या घरांच्या कमाल मागण्यांची बेरीज भागिले सर्वांची मिळून होणारी कमाल मागणी, हा डायव्हर्सिटी फॅक्टर. तो एकाहून कमी असूच शकत नाही. आम्ही फळ्यावर जो एकाहून कमी आकडा लिहीत होतो तो त्याचा व्यस्त, म्हणजे समकालीनतेचा गुणक. व्यवहारात दोहोंस एकच नाव सर्रास देतात, आणि आम्हीही दिले. नाव एक झाल्यामुळे दोन निराळे तक्ते विद्यार्थ्यांस एकाच कुळातले वाटले आणि त्यांनी ते एकापुढे एक गुणले.

वही मिटून आम्ही मुकाट्याने बसलो, कारण त्याच क्षणी आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली होती, जी आम्ही वर्गात कधीही सांगितली नव्हती.

सन १९९९च्या सुमारास, आम्ही नव्यानेच नोकरीस लागलो असता, एका वसतिगृहाच्या विजेचा हिशेब आमच्याकडे आला होता. तेथे २४ न्हाणीघरे, प्रत्येकात दोन किलोवॉटचा गीझर. ४८ किलोवॉटला आम्ही प्रथम ०.६ने गुणले, आणि मुख्य स्विचाशी येऊन पुन्हा ०.५ने. उरले साडेचौदा, म्हणजे २४पैकी सात गीझर. पहिल्या उन्हाळ्यात काही झाले नाही. थंडी पडताच सकाळी सातच्या सुमारास मुख्य स्विच पडू लागला. विशेष हे की, तो लगेच पडत नसे. दहाबारा मिनिटे सारे ठीक चाले आणि मग अंधार होई. भार थोडासाच अधिक असला म्हणजे असेच होते. आतली पट्टी हळूहळू तापते, वाकते आणि स्विच सोडते. ज्या दिवशी पहाटे वीज गेलेली असे त्या दिवशी तर कहर होई. एरवी एक गीझर तापून बंद होतो तोवर दुसरा लागतो. पण तासभर वीज नसली की सगळी टाक्यांतली पाणी थंड, सगळी बटणे चालू, आणि वीज येताच चोवीसच्या चोवीस गीझर एकदम ओढू लागत. सवलत म्हणून जी काय असते ती त्या घटकेला शून्य होते. वार्षिक परीक्षेच्या सकाळी असा प्रसंग आला आणि मुले थंड पाण्याने न्हाऊन, आम्हांस काय म्हणायचे ते म्हणत, पेपराला गेली. तेथला म्हातारा वायरमन आम्हांस म्हणाला होता, "साहेब, पोरं घड्याळ बघून आंघोळ करत्यात, तुमचा तक्ता बघून न्हाई."

पुढे अंगण खणून जाड केबल टाकली, मुख्य स्विच बदलला, आणि प्रकरण मिटले. आम्ही केबल बदलली, पण वही बदलली नाही. तक्ता वर्षानुवर्षे तसाच फळ्यावर चढत राहिला. वसतिगृहाचा अनुभव हा अपवाद आहे, वसतिगृहे अशीच असतात, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली होती. ज्या चुकीचा भुर्दंड एकदा भरला ती चूक आम्ही पुढच्या पंधरावीस वर्गांच्या हाती दिली. त्यांपैकी किती जणांनी किती इमारतींस ती लावली असेल, हे मोजावयास आता साधन नाही.

आम्ही तिला वसतिगृहाची ती गोष्ट सांगितली आणि लिहिलेला अभिप्राय तिच्यादेखत फाडला. ती ओशाळून म्हणाली, "सर, तसं नको. मीही खालून वर बघायला हवं होतं. दीड किलोवॉट माझ्या लक्षात यायला हवा होता." तिचे म्हणणे खोटे नव्हते, आणि ते तिने स्वतः म्हटले याचा आम्हांस संतोष झाला. मग आम्ही दोघांनी ठरविले की, 'हा गुणक चूक' एवढे लिहून भागणार नाही. खरा कोणता, हे सांगितले पाहिजे. आणि तो कोणत्याही तक्त्यातून निघणार नाही.

का निघणार नाही, ते पाहा. १५ लिटर पाणी विसाव्या अंशापासून साठाव्या अंशापर्यंत तापविण्यास दोन किलोवॉटच्या गीझरास सुमारे २१ मिनिटे लागतात. दोन बादल्या पाण्यासाठी तो घरोघर ४० मिनिटे चालतो असे धरू. ४८ घरांची स्नाने सहा ते आठ या दोन तासांत सारखी विखुरली तर कोणत्याही क्षणी १६ गीझर चालू राहतील. आता त्याच घरांतील मुलांच्या शाळेची गाडी साडेसातला येऊ लागली आणि स्नाने एका तासात दाटली, तर तोच आकडा ३२ होतो. घरे तीच, उपकरणे तीच, माणसेही तीच. बदलली ती शाळेची वेळ, आणि गुणक दुप्पट झाला! फ्रान्सच्या तक्त्यात फ्रान्सच्या घरांचे घड्याळ दडलेले आहे. त्या तक्त्याची एक टीपही आम्ही फळ्यावर लिहिताना गाळली होती. जेथे घरे विजेवर उष्णता साठवून उबदार ठेवतात तेथे, घरे कितीही असोत, ०.८ धरावा असे ती सांगते. ज्या यंत्रांना घड्याळ एकदम सुरू करते त्यांना गर्दीची सवलत मिळत नाही, हेच तिचे मर्म.

तेव्हा मोजणे हाच उपाय होता. जवळच, साधारण तेवढ्याच आकाराच्या ४० घरांची एक इमारत होती. तेथल्या समितीची परवानगी घेऊन, घरांकडे जाणाऱ्या केबलींभोवती नोंदयंत्राचे चिमटे लावले, आणि जानेवारीतील आठ दिवस दर पंधरा मिनिटांची सरासरी मागणी टिपून घेतली. कमाल मागणी सोमवारी सकाळी पावणेसात ते सव्वासात या वेळात आली, १२४ किलोवॉट. रविवारी तीच मागणी नवाच्या पुढे सरकली, पसरली आणि ९६वर थांबली. रविवारचा तो पसरट आलेख पाहून लोकांस एक दिवस तरी सवडीने स्नान करावयास मिळते याचा आम्हांस आनंद वाटला. दर घरास ३.१ किलोवॉट, म्हणून ४८ घरांस १४९. आमच्या २८८शी ताडून पाहता खरा डायव्हर्सिटी फॅक्टर १.९३, आणि त्याचा व्यस्त ०.५२. वहीप्रमाणे दोन गुणकांचा गुणाकार ०.२५ येत होता. आम्ही निम्म्याहून अधिक भूक कागदावरून पुसून टाकली होती. त्यात लिफ्टी, पाण्याचा पंप आणि दिवे यांचे साडेबत्तीस किलोवॉट न घटविता मिळविले की १८२ होतात, म्हणजे २०२ केव्हीए. शंभराचे रोहित्र त्यापुढे काय टिकणार! अग्निशमन पंपाची वाट स्वतंत्र आणि पूर्ण भाराची ठेवायची. त्याचा विचार सकाळच्या गर्दीशी नव्हे, आगीच्या प्रसंगाशी करावयाचा असतो.

राहिला राखीव क्षमतेचा प्रश्न. वहिवाट अशी की, आलेल्या आकड्यावर २० ते २५ टक्के वाढवून धरावे. २०२वर २० टक्के म्हणजे २४२, आणि २५०चे रोहित्र बाजारात मिळते. तेथे थांबता आले असते. परंतु तक्त्यातून घेतलेल्या गुणकाने एकदा पोळल्यावर वहिवाटीच्या टक्क्यावर विसंबावयास मन घेईना. राखीव जागा कोणासाठी राखावयाची, हे नावानिशी सांगता आले पाहिजे. या इमारतीत तो पाहुणा उघड होता: विजेची गाडी. घरगुती चार्जर ३.३ किलोवॉटचा धरला आणि गाडीस सात तास लागले, तर २३ युनिटे भरतात. आता मिक्सर पाच मिनिटे चालतो, म्हणून दोन घरचे मिक्सर एकत्र येण्याचा संभव थोडा. गीझर वीस मिनिटे चालतो, म्हणून तो त्याहून अधिक. पण जी गाडी रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत लागलेली असते ती शेजारच्या गाडीला चुकवू शकतच नाही. जितका वेळ दीर्घ तितकी सवलत कमी. ४८ गाड्यांचे १५८ किलोवॉट जवळजवळ पुरतेच धरले पाहिजेत.

म्हणून आम्ही मे महिन्यातील एका भावी रात्रीचा हिशेब मांडला. घरटी एक दीड किलोवॉटचे वातानुकूल यंत्र, आणि त्याचा काँप्रेसर वेळेच्या सत्तर टक्के चालू धरला तर ५०. पंखे, फ्रीज वगैरेंचे घरटी अर्धा, म्हणजे २४. गाड्यांचे १५८. सामाईक १५. एकूण २४७ किलोवॉट, म्हणजे २७५ केव्हीए. ३१५च्या रोहित्रात हे बसते, २५०च्यात बसत नाही. घराघरांत दोन-दोन यंत्रे चालू लागली तर मात्र ३३० केव्हीए होतात आणि ३१५ही अपुरे पडते. तेव्हा गाड्यांनी पाळीपाळीने चार्ज व्हावे अशी व्यवस्था त्याच्या जोडीस हवी. उन्हाळ्याचे आकडे आम्ही मोजलेले नव्हते, फक्त मांडलेले होते. हा भेद अभिप्रायात स्पष्ट लिहिला, आणि मे महिन्यात तेच नोंदयंत्र पुन्हा लावावे असे सुचविले.

शिवाय राखीव जागा तीन ठिकाणी असावी लागते, आणि तिन्ही ठिकाणी एकदम. बोर्डांत रिकाम्या वाटा, केबल व पॅनेल यांत सोसण्याची शक्ती, आणि रोहित्रात क्षमता. नुसत्या रिकाम्या वाटा ठेवल्या तर पाट मांडून भात न शिजविल्यासारखे होते. उलट रोहित्र मोठे आणले पण वाहनतळाकडे जाणारी रिकामी नळीच भिंतीत ठेवली नाही, तर भात आहे आणि वाढपी आत येऊ शकत नाही. ही नळी बांधकाम चालू असता थोड्या खर्चात होते. तीच पाच वर्षांनी घालावयाची म्हटली की फरशी फोडावी लागते आणि ४८ घरांची संमती गोळा करावी लागते. दोहोंपैकी अधिक कठीण काय, हे कोणत्याही संस्थेच्या चिटणिसास विचारावे.

नव्या अभिप्रायात पाच सूचना होत्या. पहिली अशी: 'पत्रकातील ०.४१ व ०.६ हे गुणक प्रस्तुत परीक्षकाच्याच पूर्वीच्या अध्यापन-टिपणांतून घेतलेले असून ती टिपणे सदोष आहेत. तक्ता कोणता, कशासाठी, हे त्यांत सांगितलेले नाही.' दुसरी, सवलत एकदाच आणि मोजलेल्या आकड्यावरून घ्यावी. तिसरी, अग्निशमन पंपाच्या वाटेस कोणतीही सवलत लावू नये. चौथी, राखीव क्षमता नाव घालून दाखवावी आणि रोहित्र ३१५ केव्हीएचे घ्यावे. पाचवी, वीज जाऊन परत आल्यावर मजले एकदम नव्हे तर काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक जोडले जातील अशी योजना मुख्य पॅनेलमध्ये असावी. ही पाचवी सूचना कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नाही, ती एका परीक्षेच्या सकाळची आहे.

समितीच्या बैठकीत पहिली सूचना वाचली जात असता चिटणीस चष्म्यावरून आमच्याकडे पाहत राहिले. एका सभासदाने विचारले, "म्हणजे चूक तुमची, आणि वाढलेला खर्च आमचा?" प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, "चूक आमची खरी. पण शंभराचे रोहित्र बसले असते तर पहिल्याच हिवाळ्यात तुम्हांस दोन रोहित्रांचा खर्च आला असता." थोड्या वादानंतर मंजुरी मिळाली. मुलीच्या वरिष्ठांनी तिला बोल लावला नाही. सुधारलेले पत्रक तिनेच पुन्हा केले.

ते आमच्याकडे दुसऱ्यांदा तपासावयास आले तेव्हा त्यात एक नवा रकाना दिसला. प्रत्येक गुणकापुढे तिने लिहिले होते: 'कोठून घेतला'. घरांच्या ओळीत 'जानेवारीतील मोजणी' असे होते, उन्हाळ्याच्या ओळीत 'अंदाज, मे महिन्यात पडताळावा' असे होते. आम्ही खालून वर वाचून पाहिले. दर घरास ३.१ येत होते. तांबडी लेखणी तशीच खिशात ठेवून आम्ही कपाटातली आमची जुनी वही काढली, त्या दोन तक्त्यांवर एक आडवी रेघ मारली, आणि समासात सन १९९९ घालून वसतिगृहाची हकीगत प्रथमच लिहून ठेवली. येत्या जूनपासून तो तास त्या हकीगतीनेच सुरू करावयाचा आहे.